‘त्यामुळे’ने आणलेला पूर: एका निबंधातल्या सात सांध्यांचं प्रकरण

नागपूरच्या नंदनवन भागातली एक मुलगी संध्याकाळी निबंध तपासून घ्यायला माझ्याकडे येते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा ती मराठी माध्यमातून देणार आहे. निबंधाच्या पेपरात तीन तासांत दोन निबंध लिहायचे असतात, प्रत्येक हजार ते बाराशे शब्दांचा आणि 125 गुणांचा. मी तिला सरावासाठी ‘शहर आणि त्याची नदी’ हा विषय दिला होता. नागपूरकराने या विषयावर नाग नदीच घ्यावी, तशी तिनेही घेतली.

निबंध आठ परिच्छेदांचा होता. पंचशील चौकातल्या पुलावरून दिसणारी काळी नदी, मग शहराच्या नावाचा आणि गोंड राजा बख्त बुलंद शाहचा इतिहास, मग सांडपाणी, मग सप्टेंबर 2023 चा पूर, मग अरुंद झालेलं पात्र आणि काठावरच्या भिंती, मग अहमदाबादची साबरमती, मग गोसीखुर्दच्या जलाशयात पोचणारी घाण, आणि शेवटी नागरिकांचं कर्तव्य. वाक्यं स्वच्छ, माहिती बरोबर, एकेक परिच्छेद वेगळा काढून वाचला तर चांगला. सलग वाचताना मात्र दर दहा ओळींनी पायरी चुकल्यासारखं व्हायचं. मी समासात सात ठिकाणी ‘उडी’ असं लिहून वही परत दिली.

चूक इथे माझीही झाली. ‘उडी’ म्हणजे काय, हे मी सांगितलंच नाही. दोन दिवसांनी ती दुसरा खर्डा घेऊन आली. परिच्छेद तेच, त्याच क्रमाने, फक्त प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक शब्द बसवलेला: खरे तर, परंतु, त्यामुळे, शिवाय, त्याचप्रमाणे, दुसरीकडे, थोडक्यात. सात उड्या, सात शब्द.

“आता तर जोडलं ना मॅडम सगळीकडे?” तिने विचारलं.

जोडलं होतं खरं, पण दोन खोल्यांच्या मध्ये नुसती चौकट उभी करावी आणि भिंत फोडायचीच राहावी, तसं. पहिल्या खर्ड्यात वाचक अडखळत होता. दुसऱ्या खर्ड्यात त्याला चुकीच्या वाटेने नेलं जात होतं, आणि हे जास्त वाईट. ते नेमकं कुठे दिसलं, ते सांगते.

तिसरा परिच्छेद सांडपाण्याचा. त्याचं शेवटचं वाक्य असं: “शहरातील प्रक्रिया न झालेले सांडपाणी नाल्यांवाटे रोज नाग नदीत मिसळते.” चौथ्याची सुरुवात: “त्यामुळे 23 सप्टेंबर 2023 रोजी पहाटे नागपुरात महापूर आला.”

ही दोन वाक्यं मी तिला पाठोपाठ मोठ्याने वाचायला लावली. दुसऱ्या वाचनाला तिचं तिलाच हसू आलं. सांडपाण्याने पूर आला? त्या रात्री काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि ते पाणी खालच्या वस्त्यांत घरांत शिरलं. हे नागपुरात कुणाला सांगावं लागत नाही. तिलाही ठाऊक होतं, तिच्या चौथ्या परिच्छेदात ते लिहिलेलंही होतं. म्हणजे परिच्छेद खरं सांगत होता आणि त्याच्या डोक्यावरचा शब्द खोटं. ‘त्यामुळे’ हा शब्द दिसतो डिंकासारखा, पण तो एक अख्खं विधान असतो: आधीची गोष्ट कारण, नंतरची तिचा परिणाम. परीक्षक ते विधान म्हणूनच वाचतो, आणि ते चुकीचं असेल तर मजकुरातली चूक म्हणून धरतो.

गंमत पुढच्याच सांध्यावर होती. पूर संपला की पाचवा परिच्छेद: “शिवाय नदीचे पात्र ठिकठिकाणी अरुंद झाले आहे.” ‘शिवाय’ म्हणजे आधीच्या यादीत आणखी एक भर. पण अरुंद पात्र ही पुराच्या शेजारी ठेवायची निराळी तक्रार नव्हेच. तलावावरून आलेलं पाणी रस्त्यांवर आणि घरांत का पसरलं, याचा ते एक भाग आहे. जिथे कारण नव्हतं तिथे तिने ‘त्यामुळे’ लिहिलं, आणि जिथे कारण होतं तिथे ‘शिवाय’. हे निष्काळजीपणाने होत नाही. दोन परिच्छेदांत नातं कोणतं, हे न ठरवता शब्द निवडायला बसलं की असंच होतं. शब्द मग कानाला बरा वाटेल तो येतो.

म्हणून पहिलं काम म्हणून मी तिचे सातही जोडशब्द पेन्सिलीने खोडले. मग कोऱ्या कागदाचे दोन तुकडे घेऊन परिच्छेद झाकले, म्हणजे वरच्याचं शेवटचं वाक्य आणि खालच्याचं पहिलं वाक्य एवढंच उघडं राहील. असे सात सांधे एकेक करून पाहिले. आपला मजकूर आपल्याला सलग वाटतो, कारण मधला भाग आपल्या डोक्यात असतो. झाकल्यावर तो कागदावर नाही हे लगेच दिसतं. प्रत्येक सांध्यावर मी एकच विचारलं: “वहीत बघू नकोस. वरचं सांगून झाल्यावर हे खालचं का सांगतेस, ते मला बोलून दाखव.”

बोलायला सांगितल्यावर तिची भाषा बदलली. इतिहास आणि सांडपाणी यांच्यामधल्या सांध्यावर ती म्हणाली, “म्हणजे बघा ना मॅडम, ज्या नदीच्या काठी गाव वसलं, तिच्यातच आपण घाण सोडून राहिलो.”

तिने लिहिलं काय होतं? दुसरा परिच्छेद संपतो: “या नदीवरूनच शहराला नागपूर हे नाव मिळाले.” तिसरा सुरू होतो: “परंतु सांडपाण्याची समस्या गंभीर आहे.” या ‘परंतु’ला विरोध करायला समोर कुणीच नाही. नाव मिळणं आणि समस्या गंभीर असणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. बोलताना मात्र तिने आपोआप ‘ज्या… तिच्यातच’ अशी जोडी लावली, आणि त्या जोडीत दोन्ही परिच्छेद आले: वसणं वरच्यातलं, सोडणं खालच्यातलं, आणि त्यांतला विरोध त्या एका ‘च’मध्ये. तेच थोडं नीटनेटकं करून तिसऱ्याच्या तोंडी घातलं:

“ज्या नदीने शहराला नाव दिले, तिच्यातच शहर आज आपले सांडपाणी सोडते.”

‘परंतु’ गेलं आणि विरोध उरला. मराठीत हे काम वाक्याच्या पोटातले लहान शब्द फार चांगलं करतात: च, ही, तर, मात्र, आणि जो-तो, जिथे-तिथे, जितका-तितका यांसारख्या जोड्या. शाळेत आपल्याला उभयान्वयी अव्ययांची यादी पाठ करायला लावतात, त्यामुळे परिच्छेद जोडायचा म्हटलं की त्या यादीतला एक शब्द उचलून वाक्याच्या आधी ठेवायचा आणि पुढे स्वल्पविराम द्यायचा, अशी सवय लागते. (तो स्वल्पविराम दिसला की मला हात शिवशिवतात. ‘मात्र,’ असं वाक्याच्या आरंभी लिहिणाऱ्यांची संख्या वाढते आहे. ‘मात्र’ ज्या शब्दाला वेगळं काढायचं त्याच्यानंतर बसतो, आधी नाही.)

आता तिढा गोसीखुर्दचा. हा परिच्छेद साबरमतीच्या नंतर आला होता आणि त्याच्या डोक्यावर ‘दुसरीकडे’ होतं. ‘दुसरीकडे’ म्हटलं की वाचक मागे वळून ‘एकीकडे’ काय होतं ते शोधतो. इथे एकीकडे अहमदाबाद आणि दुसरीकडे भंडारा जिल्हा, एवढंच हाती लागत होतं. मी तिला बोलून दाखवायला सांगितलं. ती थांबली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली आणि म्हणाली, “नाही येऊन राहिलं मॅडम.”

हे न येणं उपयोगाचं असतं. दोन परिच्छेदांमधलं नातं तोंडाने सांगता येत नसेल तर बहुधा शब्द सापडत नाही असं नसतं. ते दोघे शेजारीच नको असतात. मी विचारलं, “गोसीखुर्दचं कशानंतर सांगावंसं वाटतं?” लगेच उत्तर आलं: सांडपाण्यानंतर. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण. शहरातून सोडलेलं पाणी याच वाटेने जातं. म्हणजे सातवा परिच्छेद उचलून तिसऱ्याच्या पाठीला लावायचा. तिथे त्याला जोडशब्द लागलाच नाही. तिसऱ्याचं शेवटचं वाक्य “…रोज नाग नदीत मिसळते” असं होतं. नव्या चौथ्याची सुरुवात तिने “हे पाणी शहराच्या हद्दीत थांबत नाही” अशी केली. ‘हे पाणी’ एवढ्यावरच सांधा बसला. वाचकाला नुकतंच कळलेलं वाक्याच्या आरंभी आणि नवं क्रियापदाजवळ, हा मराठी वाक्याचा ओघच आहे. परिच्छेद बदलतानाही तोच पाळायचा.

‘हे’, ‘या’, ‘असे’ यांच्यात एक धोका असतो, तो इथे टळला म्हणून सांगते. पहिल्या प्रयत्नात तिने “हे शहराच्या हद्दीत थांबत नाही” असं लिहिलं होतं. हे म्हणजे काय? सांडपाणी, मिसळणं, की अख्खी समस्या? दर्शक सर्वनामानंतर लगेच नाम ठेवलं की वाचकाला शोधाशोध करावी लागत नाही. ‘हे पाणी’, ‘ही सवय’, ‘असे बांधकाम’. नाम निवडताना आपल्यालाही ठरवावं लागतं की मागच्या परिच्छेदातून नेमकं काय पुढे न्यायचं आहे.

परिच्छेद हलवला की जुना सांधा सुटतो आणि दोन नवे तयार होतात, हे विसरून चालत नाही. आता गोसीखुर्दनंतर पूर आला. नदीच्या खालच्या अंगाहून एकदम वरच्या अंगाला, अंबाझरीकडे. ही उडी आधीच्या उड्यांपेक्षा मोठी होती, कारण तिथे भूगोलही उलटा वळत होता. मी काही बोलायच्या आधी ती स्वतःशीच पुटपुटली:

“घाण तर खाली जाऊन राहिली… पण पूर तर इथेच आला ना.”

दोन ‘तर’, एक ‘पण’, एक ‘इथेच’. मी तिला तेच वाक्य लिहून ठेवायला सांगितलं, जसंच्या तसं. मग विचारलं, या दोहोंत समान काय? सांडपाण्याने पूर आला नाही हे ठरलं होतं. पण सांडपाणी सोडतानाही आणि पात्र आवळतानाही शहराने नदीला नालाच समजलं, असं ती म्हणाली. म्हणजे एक दुसऱ्याचं कारण नाही. दोघांच्या मागे एकच वागणूक आहे. या नात्याला मराठीत एका शब्दाचं अव्यय नाही, त्यामुळे यादीत शोधून ते मिळालंच नसतं. इथे वाक्यच लिहावं लागतं. तिने दोन लिहिली:

“नदीला नाला समजण्याची किंमत एरवी खालची गावे मोजतात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे मात्र ती शहरालाच मोजावी लागली.”

ही वाक्यं मला आवडली, आणि आवडली म्हणूनच मी त्यांच्यावर बोट ठेवलं. ‘शहरालाच मोजावी लागली’ म्हणजे पुराला शहराची वागणूक जबाबदार, असं विधान झालं. ते खरं आहे का? पूर्णपणे नाही. तेवढा पाऊस कोणत्याही शहराला जड गेला असता. तेव्हा या सांध्याने दिलेला शब्द पुढच्या परिच्छेदाने पाळायला हवा: पाऊस किती, त्यात आपला वाटा कोणता, हे तिथे वेगळं करून सांगायला हवं. ते साहित्य तिच्याकडे होतंच, ‘शिवाय’वाल्या परिच्छेदात. अरुंद पात्र, काठावरची बांधकामं, गाळ. तो परिच्छेद तिने पुराच्या परिच्छेदात मिसळला आणि मध्ये एक ओळ घातली: “पाऊस आपल्या हाती नव्हता, पाण्याला वाट ठेवणे होते.” एक सांधा त्यामुळे नाहीसाच झाला. आठाचे सात परिच्छेद झाले, सातांचे सहा सांधे. उडी बुजवण्याचा हा मार्ग फारसा कुणी सुचवत नाही, पण परिच्छेद विनाकारण तोडलेला असेल तर तोच खरा.

साबरमतीपाशी ‘त्याचप्रमाणे’ होतं: “त्याचप्रमाणे साबरमतीचा काठ विकसित करण्यात आला आहे.” कशाप्रमाणे? आधीच्या परिच्छेदात तर बिघडलेल्या काठाची गोष्ट होती. तिला म्हणायचं होतं ते जवळजवळ उलट: काठ आवळल्याने बिघडलं, मग काठ नीट बांधून काढला तर सुधारेल का? तिने तो प्रश्नच परिच्छेदाच्या तोंडी ठेवला. प्रश्नाने सांधणं सोपं असतं आणि म्हणून त्याची चटक लागते. एका निबंधात एकदा ठीक, दुसऱ्यांदा तो वर्गातल्या फळ्यापुढचा मास्तर वाटतो. या प्रश्नाचं उत्तर मात्र तिच्या परिच्छेदात आधीपासून पडून होतं आणि तिचं लक्षच गेलं नव्हतं: अहमदाबाद शहरातल्या साबरमतीच्या पात्रात दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्यातून येतं. नाग नदीत उन्हाळ्यात जे वाहतं ते मुख्यतः आपलंच वापरलेलं पाणी. म्हणजे काठ बांधून प्रश्न सुटत नाही, पाणीच स्वच्छ करावं लागतं.

आणि इथे शेवटचा सांधा आपोआप जुळला. आधी “थोडक्यात, प्रत्येक नागरिकाने नदी स्वच्छ ठेवली पाहिजे” असा समारोप होता, जो गंगेपासून मुळा-मुठेपर्यंत कुठल्याही नदीला चालला असता. आता मागच्या परिच्छेदाने ‘पाणीच स्वच्छ करावं लागेल’ इथे आणून सोडलं, तेव्हा शेवट शुद्धीकरणाचाच असणं भाग होतं. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध झालेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिलं जातं, हे तिला माहीत होतं. पण ‘निबंधात कुठे बसवू’ म्हणून तिने ते वगळलं होतं. आता त्याला जागा झाली.

पहिला सांधा राहिला. पुलावरची काळी नदी आणि मग एकदम गोंड राजा. ‘खरे तर’ने काहीच होत नव्हतं, कारण आधी काही खोटं म्हटलेलंच नव्हतं. तिथे तिने पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य वाढवलं: “पुलावरून जाणारे तिला नाला म्हणतात.” आणि दुसरा सुरू केला: “या नाल्याच्याच नावाने हे शहर ओळखले जाते.” सांधा खालच्या परिच्छेदाच्या डोक्यावरच हवा असं नाही, पुष्कळदा वरच्याच्या पायथ्याशी एक वाक्य लागतं. शिवाय ‘नाला’ हा शब्द इथेच आल्यामुळे पुढचं ‘नदीला नाला समजण्याची’ हे वाक्य वाचकाला ओळखीचं वाटलं. तो फायदा आम्ही दोघींनीही योजलेला नव्हता.

तिसऱ्या खर्ड्यातले सहा सांधे मी मोजून पाहिले. यादीतला जोडशब्द परिच्छेदाच्या आरंभी एकाही ठिकाणी नव्हता. ‘मात्र’ एकदा, तोही दुसऱ्या वाक्याच्या पोटात. यावरून जोडशब्द वापरूच नयेत असं कुणी समजू नये. लांबलचक युक्तिवादात एखादं ‘म्हणून’ किंवा ‘तरीही’ फार कामाचं असतं, आणि कुठे एखादा साधा ‘आणखी एक’ही पुरतो, जर खरोखर यादीच चालू असेल तर. या निबंधात यादी नव्हती, एवढंच.

परीक्षेत तीन खर्डे करायला वेळ नसतो, हे तिने लगेच काढलं. दीड तासात एक निबंध, त्यात आराखड्याला फार तर दहा-बारा मिनिटं. त्यासाठी आम्ही आराखड्यातच एक बदल केला. आधी ती मुद्दे एकाखाली एक लिहायची: इतिहास, सांडपाणी, पूर. आता प्रत्येक दोन मुद्द्यांच्या मध्ये ती बाण काढते आणि बाणावर बोलीतले दोन-तीन शब्द लिहिते: ‘तिच्यातच’, ‘पाणी पुढे कुठे?’, ‘पण पूर इथेच’. बाणावर नुसतं ‘आणि’ येत असेल तर मुद्दा हलवून पाहते.

परवाच्या सरावात विषय होता ‘तंत्रज्ञान आणि एकटेपणा’. तिच्या आराखड्यात पाच बाण होते. चारांवर शब्द होते आणि पाचवा कोरा, त्याच्यापुढे आजीच्या फोनबद्दलचा एक छान मुद्दा. निबंधात तो मुद्दा नव्हता. मी म्हटलं, “आजीचा काहून सोडला? चांगला होता तो.”

“बाणच नाही सापडला मॅडम,” ती म्हणाली. “अन् वेळ बी नव्हता.”

मी तिची वही घेऊन बसले आहे. मला वाटतं तो मुद्दा दुसऱ्या परिच्छेदानंतर बसतो. तिला वाटतं सुरुवातीलाच. अजून ठरलेलं नाही.